रात्री साडेबाराची गाडी: तिकीट शुक्रवारचं की शनिवारचं?

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मावशीला पनवेलहून कुडाळला जायचं होतं. फोनवर तिने सांगितलं, "शुक्रवारी रात्रीची गाडी काढ रे, साडेबाराच्या दरम्यान असते बघ." मी मोबाईल उघडला, तारखेत शुक्रवार निवडला, गाडी मिळाली, खालचा बर्थ मिळाला, पैसे भरले. शुक्रवारी रात्री जेवणं आटोपून आम्ही दोन पिशव्या आणि एक नारळाचं पोतं घेऊन पनवेलला फलाटावर पोहोचलो. गाडी आली, मावशी चढली, आणि तिच्या बर्थवर एक गृहस्थ आधीच चादर अंथरून आडवे झालेले. दोघांच्या तिकिटावर डबा तोच, बर्थ तोच. टीसीने दोन्ही तिकिटं शेजारी शेजारी धरली आणि मावशीचं तिकीट परत देत म्हणाला, "मावशी, तुमची गाडी काल रात्रीच गेली."

मावशी खाली उतरली, पोतं मी उतरवलं. रिक्षात बसल्यावर ती मला एकच विचारत राहिली, "शुक्रवारची रात म्हणजे शुक्रवारच ना रे?"

आपल्या बोलण्यात तिचं अगदी बरोबर होतं. आपल्याकडे वार बदलतो तो सूर्योदयाला. पंचांग तेच सांगतं आणि आपली जीभही तेच बोलते. शुक्रवारी रात्री दोनला कोणाचा फोन आला, तर आपण "शुक्रवारी रात्री फोन आला" असंच म्हणतो, "शनिवारी पहाटे" म्हणायला किमान चार तरी वाजावे लागतात. रेल्वेचा वार मात्र घड्याळात बाराचा ठोका पडला की बदलतो. आपली एक अखंड रात्र रेल्वेच्या हिशेबात मधोमध कापली जाते. कोकणात रात्रीच्या गाडीने जाणारे आपण नेमके त्या कापावरच उभे असतो, कारण मुंबईहून निघणाऱ्या रात्रीच्या गाड्या दादर, ठाणे, पनवेल ही स्टेशनं अकरा ते दीडच्या दरम्यान घेतात.

म्हणून पहिल्यांदाच स्वतः तिकीट काढणाऱ्यांसाठी हे लिहितोय. सोयीसाठी एकच प्रवास धरू आणि शेवटपर्यंत तोच वापरू. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. घर झाडायचंय, मखर लावायचंय, म्हणजे शनिवारी १२ तारखेला दिवसाउजेडी घरी पोहोचायला हवं. म्हणजेच, आपल्या भाषेत, "शुक्रवारी रात्री निघायचं".

आधी तुमच्या स्टेशनाची वेळ बघा, गाडी कुठून सुटते ते नंतर

या रात्री दोन गाड्या उपयोगाच्या आहेत. एक कोकणकन्या, क्रमांक २०१११, मुंबई सीएसएमटीहून रात्री ११:०५ ला सुटते आणि मडगावला जाते. दुसरी तुतारी, क्रमांक ११००३, दादरहून सुटते रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी आणि सावंतवाडीला जाते. रेल्वे ही वेळ ००:०५ अशी लिहिते. ज्यांना चोवीस तासांच्या घड्याळाची सवय नाही त्यांनी एवढं पक्कं करावं: पहिल्या दोन आकड्यांत शून्य-शून्य दिसलं की नुकतीच मध्यरात्र उलटली आहे आणि तारीख नवी लागली आहे. कागदावर स्वतःसाठी टिपून घेतानाही १२:०५ असं लिहू नका, ००:०५ असंच लिहा. १२:०५ म्हणजे रेल्वेत भर दुपार. घरातल्या दुसऱ्या कुणी तो कागद वाचला तर तो दुपारचं जेवण उरकून स्टेशनवर जाईल.

आता दादरला उभे आहात असं धरा. कोकणकन्या दादरला सव्वाअकराच्या सुमारास येते, म्हणजे शुक्रवार, ११ सप्टेंबर. तुतारी त्यानंतर पाऊण-एक तासाने त्याच स्टेशनातून सुटते, पण तोवर बारा वाजून गेलेले असतात, म्हणजे शनिवार, १२ सप्टेंबर. माणूस तोच, रात्र तीच, पिशव्या त्याच, आणि तरी तिकिटाची तारीख वेगळी. कोकणकन्या मिळाली नाही म्हणून लोक तुतारी शोधतात आणि तारीख बदलायला विसरतात, ते इथेच.

ठाण्यातही हेच. कोकणकन्या पावणेबाराच्या सुमारास, अजून शुक्रवारच. तुतारी साडेबाराच्या सुमारास, शनिवार.

पनवेलला मात्र चित्र पालटतं. कोकणकन्येला सीएसएमटीहून पनवेल गाठेपर्यंत बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटं होतात. म्हणजे जी गाडी सीएसएमटी, दादर आणि ठाणेकरांसाठी शुक्रवारची आहे, तीच गाडी पनवेलकरांसाठी शनिवारची आहे. पनवेलहून बसणाऱ्याने तिकीट १२ तारखेचं काढायचं. माझी चूक नेमकी इथे झाली होती. गाडी मुंबईहून शुक्रवारी निघते हे मला माहीत होतं, पण मावशी मुंबईहून बसणारच नव्हती.

तेव्हा नियम म्हणून एवढाच लक्षात ठेवा: ज्या स्टेशनवर तुम्ही चढणार, त्या स्टेशनवर गाडी सुटते त्या क्षणी भिंतीवरच्या कॅलेंडरात जी तारीख लागलेली असेल, तीच प्रवासाची तारीख. गाडी कधी आणि कुठून निघाली याचा तिकिटाच्या तारखेशी संबंध नाही. (आरक्षण कधी उघडतं याच्याशी मात्र आहे, आणि तो घोळ निराळाच, त्याकडे पुढे येतो.)

वर दिलेल्या वेळांबद्दल एक सूचना. कोकण रेल्वेवर पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लागतं, गाड्या हळू चालवतात आणि वेळा सरकतात. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. सप्टेंबरचा प्रवास त्यातच येतो. रात्री बाराच्या अगदी काठावर जे स्टेशन आहे, तिथे दहा-पंधरा मिनिटांच्या फरकानेसुद्धा तारीख इकडची तिकडे होते. त्यामुळे मागच्या वर्षीच्या तिकिटावरून किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून वेळ धरू नका. तिकीट काढताना, त्या दिवसाची, तुमच्या स्टेशनाची वेळ बघा. परतीच्या प्रवासात तर हे जास्तच जपावं लागतं, कारण संध्याकाळी मडगाव, सावंतवाडीहून सुटलेल्या गाड्या रत्नागिरी ते खेड या पट्ट्यात कुठेतरी मध्यरात्र ओलांडतात. कुडाळहून बसणाऱ्याला "रविवारची गाडी" म्हटलं की पुरतं. खेडहून बसणाऱ्याने तीच गाडी आपल्या स्टेशनवर रविवारी येते की सोमवारी, हे उघडून बघितलंच पाहिजे.

शोधताना पडद्यावर काय दिसतं

आयआरसीटीसीवर From मध्ये PNVL, To मध्ये KUDL आणि तारीख १२ सप्टेंबर असं टाकलं, की येणाऱ्या यादीत प्रत्येक गाडीच्या खाली दोन वेळा दिसतात. डावीकडे तुमच्या स्टेशनाहून सुटण्याची, उजवीकडे उतरण्याच्या स्टेशनाला पोहोचण्याची, आणि दोन्हींसोबत वार आणि तारीख. नवखा माणूस गाडीचं नाव बघतो, मग थेट सीट आहे की वेटिंग ते बघतो. मधली ही बारीक अक्षरातली ओळ त्याच्या नजरेतून सुटते.

चुकून ११ तारीख टाकली तर काय होतं? काहीच होत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. कोकणकन्या रोजची गाडी आहे, तुतारीही रोजची. त्यामुळे ११ तारखेलाही यादीत दोन्ही गाड्या त्याच वेळेला, तशाच दिसतात. फक्त त्या गुरुवारच्या रात्रीच्या असतात. यंत्राला तुमच्या मनात कुठली रात्र आहे हे कळायला मार्ग नाही, ते इशारा देणार कसा? उलट एखादा दिवस आधीच्या गाडीत जागा जास्त शिल्लक असते, आणि आपण नशिबाने मिळालं म्हणून घाईने पैसे भरतो. गणपतीच्या तोंडावर सगळ्या गाड्या भरलेल्या असताना तुमच्या तारखेला सहज जागा दिसली, तर आनंद होण्याआधी तारीख पुन्हा वाचा.

मी आता पैसे भरण्याआधी एक छोटीशी तपासणी करतो, आणि ती सुटण्याच्या वेळेवरून करत नाही, पोहोचण्याच्या वेळेवरून करतो. मला शनिवारी सकाळी कुडाळला चहा प्यायचाय. मग उजवीकडच्या पोहोचण्याच्या तारखेत शनिवार, १२ सप्टेंबर दिसतोय का? दिसत असेल तर डावीकडची तारीख आपोआप बरोबर असते. निघण्याची रात्र आपल्या डोक्यात शुक्रवार-शनिवार अशी हेलकावे खाते, पण सकाळ कुठल्या वाराची हवी याबद्दल कुणाचाच गोंधळ नसतो. मावशीला मी त्या दिवशी "कधी निघायचं?" असं न विचारता "कुठल्या सकाळी पोचायचंय?" असं विचारलं असतं, तर पोतं उतरवायची वेळ आली नसती.

तिकीट आल्यावर त्यावर Departure* आणि Arrival* अशा ओळी असतात, वेळेला लागूनच तारीख. त्या मोठ्याने वाचा, शक्यतो ज्याला जायचंय त्याच्या समोर, आणि तारखेबरोबर वारही उच्चारा. तारीख ऐकून कुणाला काही खटकत नाही, वार ऐकून लगेच खटकतं.

खिडकीवर फॉर्म भरून तिकीट काढणार असाल तर तिथेही हाच हिशेब. फॉर्मवर प्रवासाची तारीख लिहायची ती तुमच्या स्टेशनाची. खिडकीपलीकडचा माणूस तुम्ही लिहिलेली तारीख टाकतो. तेव्हा तोंडाने नुसतं "शुक्रवार रात्र" म्हणण्याऐवजी "अकरा आणि बाराच्या मधली रात्र, पनवेलहून" असं सांगा. जुने लोक फॉर्मच्या कोपऱ्यात "११/१२ मध्यरात्र" असं लिहून ठेवायचे. पद्धत चांगली आहे.

आरक्षण उघडण्याचा दिवस: इथे मात्र गाडीचं पहिलं स्टेशन धरतात

आता वर कंसात बाजूला ठेवलेला घोळ. हा माहीत नसला तर तारीख बरोबर निवडूनही तुम्ही एक दिवस उशिरा पोहोचता.

नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. पण हे साठ दिवस तुमच्या स्टेशनावरून मोजत नाहीत. गाडी तिच्या पहिल्या स्टेशनाहून ज्या दिवशी निघते, त्या दिवसापासून मोजतात. कारण साधं आहे: पूर्ण गाडीच्या जागा एकत्रच विक्रीला निघतात. पनवेलच्या लोकांसाठी त्याच गाडीचा दरवाजा दुसऱ्या दिवशी उघडायचा, असं होत नाही.

आपल्या उदाहरणात पनवेलहून १२ सप्टेंबरला, शनिवारी, दोन्ही गाड्या आहेत. आता दोघींचे साठ दिवस मोजू.

कोकणकन्या पनवेलला शनिवारी येते, पण सीएसएमटीहून निघते शुक्रवारी, ११ तारखेला. ११ सप्टेंबरमधून ६० दिवस मागे गेलं की येते १३ जुलै. म्हणजे पनवेलच्या १२ सप्टेंबरच्या तिकिटासाठी सोमवारी १३ जुलैला सकाळी आठला बसायचं.

तुतारी दादरहूनच शनिवारी, १२ तारखेला निघते, मध्यरात्र उलटून पाच मिनिटांनी. तिचे साठ दिवस १२ पासून. म्हणजे मंगळवार, १४ जुलै.

पनवेलच्या फलाटावर या दोन गाड्या तासाभराच्या अंतराने येतात, दोन्हींच्या तिकिटावर तारीख १२, आणि आरक्षण उघडतं वेगवेगळ्या दिवशी. ज्याने "१२ तारखेचं तिकीट, म्हणजे १४ जुलै" असा सरळ हिशेब केला, त्याला १४ जुलैला सकाळी आठ वाजून एक मिनिटाने कोकणकन्येत लांबलचक वेटिंग दिसेल. तो नेटला दोष देईल, एजंटांना शिव्या घालेल. प्रत्यक्षात जागा आदल्या दिवशीच संपलेल्या असतील.

तत्काळचंही तसंच. तत्काळ उघडतं गाडी पहिल्या स्टेशनाहून निघण्याच्या आदल्या दिवशी, वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी दहाला, स्लीपरसारख्या साध्या वर्गांसाठी अकराला. पनवेलहून १२ तारखेच्या कोकणकन्येसाठी ती निघते ११ ला, म्हणून तत्काळ १० तारखेला, गुरुवारी. तुतारीसाठी तत्काळ ११ ला, शुक्रवारी. याचा एक फायदाही करून घेता येतो. गुरुवारी कोकणकन्येचं तत्काळ हुकलं, तर शुक्रवारी सकाळी त्याच रात्रीच्या तुतारीसाठी आणखी एक संधी असते. कोकणकन्या लवकर पोहोचते, तुतारी सावंतवाडीला दुपार करते. पण शनिवारी दुपारी का होईना, घरी पोचतो माणूस.

गाडीचं पहिलं स्टेशन आणि ती तिथून निघण्याची वेळ कळण्यासाठी गाडीच्या क्रमांकावर किंवा वेळापत्रकाच्या खुणेवर बोट टेकवा, पूर्ण थांब्यांची यादी उघडते. त्यातल्या अगदी पहिल्या ओळीवर नजर टाका. तिथे रात्री अकरा-साडेअकरा अशी वेळ असेल आणि तुमच्या ओळीत ००-काहीतरी असेल, तर मोजणी एक दिवस आधीपासून. पहिल्या ओळीतच ०० असेल, तर मोजणी तुमच्याच तारखेपासून.

गणपतीच्या काळात सोडल्या जाणाऱ्या जादा गाड्यांतही मध्यरात्रीनंतर लगेच सुटणाऱ्या गाड्या असतात. त्यांची बातमी वर्तमानपत्रात येते ती "००.२० वाजता सुटेल व त्याच दिवशी दुपारी पोहोचेल" अशा शब्दांत. हे "त्याच दिवशी" नवख्याला बुचकळ्यात टाकतं, कारण रात्रभराचा प्रवास त्याच दिवशी संपेल कसा? पण संपतो, कारण दिवस सुरूच झालेला असतो बारा वाजता. बातमीत १२ तारखेला सुटेल असं लिहिलं असेल, तर ११ तारखेला रात्री जेवून निघायचं. १२ ला रात्री जेवून निघालात तर ती गाडी एव्हाना परतीला लागलेली असेल.

Day चा आकडा आणि +1 यांत फरक आहे

थांब्यांच्या यादीत उजव्या टोकाला Day नावाचा रकाना असतो आणि त्यात १, २ असे आकडे. बरेच जण त्याचा अर्थ "मला लागणारे दिवस" असा घेतात. तसं नाही. गाडी पहिल्या स्टेशनाहून निघते तो दिवस १. मध्यरात्र उलटली की २. आणखी एक मध्यरात्र उलटली की ३. हा आकडा गाडीचा आहे, तुमचा नव्हे.

कोकणकन्येच्या यादीत सीएसएमटी, दादर, ठाणे यांच्यासमोर १ दिसेल, पनवेलपासून मडगावपर्यंत सगळीकडे २. तुतारीच्या यादीत दादरपासून सावंतवाडीपर्यंत सगळीकडे १, कारण ती वाटेत मध्यरात्र ओलांडतच नाही.

आता पनवेलहून कुडाळला जाणाऱ्याने कुडाळसमोरचा २ बघितला आणि "१२ ला निघालो, दुसऱ्या दिवशी म्हणजे १३ ला पोचणार" असं घरी कळवलं, तर रविवारी सकाळी भाऊ रिक्षा घेऊन कुडाळ स्टेशनवर येईल आणि हा शनिवारपासून घरी बसलेला असेल. हिशेब वजाबाकीचा आहे: उतरण्याच्या स्टेशनासमोरचा आकडा वजा चढण्याच्या स्टेशनासमोरचा आकडा. पनवेल २, कुडाळ २, उत्तर शून्य, म्हणजे तिकिटाच्याच तारखेला पोचणार. दादर १, कुडाळ २, उत्तर एक, म्हणजे तिकिटाच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी. दोघंही उतरतात मात्र एकाच सकाळी, एकाच फलाटावर.

लांबून येणाऱ्या गाड्यांत हे आणखी ठळक दिसतं. तिरुवनंतपुरमहून निघणारी नेत्रावती रत्नागिरीला आणि पनवेलला पोहोचते ती तिच्या दुसऱ्या दिवशी. रत्नागिरीहून दिवसाढवळ्या तिच्यात बसून पनवेलला त्याच दिवशी उतरणाऱ्यालाही दोन्ही ठिकाणी २ दिसतो. त्याने दोन दिवसांचा डबा बांधायची गरज नाही.

+1 ही खूण मात्र वेगळी. काही ॲप आणि तिकीट विकणाऱ्या साइट पोहोचण्याच्या वेळेच्या डोक्यावर बारीक +1 लिहितात. ती खूण तुमच्या चढण्याच्या तारखेपासून मोजलेली असते, तिच्यात वजाबाकी आधीच करून दिलेली असते. म्हणून दादरहून बसणाऱ्याला कोकणकन्येत कुडाळसमोर +1 दिसेल, पनवेलहून बसणाऱ्याला काहीच दिसणार नाही. एकाच गाडीसाठी एका पडद्यावर २ आणि दुसऱ्या पडद्यावर कोरी जागा, असं दिसलं तर त्यातलं एक चुकीचं आहे असं समजू नका. दोन्ही बरोबर आहेत, मोजायला सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून केली आहे.

घरी कळवताना यातलं काहीच सांगू नका. ना Day, ना +1, ना "उद्या", ना "परवा". रात्री साडेबाराला गाडीतून पाठवलेल्या निरोपातला "उद्या" वाचणाऱ्याने सकाळी सहाला वाचला, तर त्याचा उद्या वेगळा असतो. सरळ "शनिवार, १२ तारीख, सकाळी, कोकणकन्येने कुडाळला" एवढं लिहा.

त्या रात्री फलाटावर

गाडी कुठवर आली हे बघताना हाच घोटाळा पुन्हा वर येतो. शनिवार लागून दहा मिनिटं झालीत, तुम्ही पनवेलला उभे आहात, आणि ॲपमध्ये २०१११ टाकून आजची गाडी बघता. उत्तर येतं, गाडी अजून निघालेली नाही, सुटायला तेवीस तास अवकाश. कित्येकांचा जीव तिथे भांड्यातून उडतो. तुम्ही ११ तारखेला निघालेली गाडी बघायला हवी होती, कारण धावत्या गाडीची स्थिती तिच्या सुरुवातीच्या तारखेखाली, Start Date खाली नोंदलेली असते. तारीख एक दिवस मागे घ्या, गाडी ठाण्यापुढे आलेली दिसेल. तुतारीसाठी मात्र मागे जायचं नाही.

आणि गाडी उशिरा आली तर? ठाण्याला शुक्रवारी पावणेबाराची कोकणकन्या रखडत रखडत साडेबाराला आली, तर तुमचं शुक्रवारचं तिकीट बाद होत नाही. तारीख ठरते ती वेळापत्रकातल्या वेळेवरून. उलट बाजूने, ज्याच्याकडे त्याच ठाण्याहून शनिवारचं तिकीट आहे, त्याने "बारा वाजून गेले, आता शनिवारच" म्हणून या गाडीत चढू नये. त्याची गाडी चोवीस तासांनी आहे.

चूक लक्षात आलीच तर

तिकीट एक दिवस आधीचं निघालंय हे निघण्याआधी कळलं, तर आधी योग्य तारखेचं नवीन तिकीट काढा, ते हातात आल्यावर जुनं रद्द करा. उलट क्रमाने गेलात आणि नव्यात वेटिंग आलं, तर दोन्हीकडून गेलात. रद्द करायला जितका उशीर तितकी कपात जास्त, आणि मोजणी होते ती तिकिटावरच्या सुटण्याच्या वेळेपासून, तुमच्या मनातल्या वेळेपासून नव्हे. म्हणजे शुक्रवारी सकाळी तुम्हाला वाटतं अजून पंधरा तास आहेत, पण ११ तारखेचं ००:२५ चं तिकीट असेल तर ती गाडी निघून गेली आहे आणि रद्द करण्यासारखं काही उरलेलं नाही. तत्काळचं पक्कं तिकीट असेल तर वेळेत रद्द करूनही परतावा मिळत नाही, म्हणून तत्काळ काढताना तारीख दोनदा वाचावी.

फलाटावर जाऊनच कळलं, जसं आम्हाला कळलं, तर त्या तिकिटावर गाडीत बसून राहू नका. आदल्या दिवशीचं तिकीट म्हणजे हिशेबी विनातिकीट, आणि रात्री दीडला दंडावरून वाद घालण्यापेक्षा पनवेललाच उतरलेलं बरं. मावशीला आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने पाठवलं. नारळाचं पोतं तेवढं माझ्याकडेच राहिलं.